पोस्टरवरचे सहा चेहरे

ईडाच्या बेकरीत सगळं मिळतं, माफी तेवढी मिळत नाही. हे मालवणात कुणालाही विचारा. एका कोळणीने कधीकाळी ईडाच्या पिशवीत वरून ताजे आणि खालून नरम पडलेले बांगडे घातले होते. ती कोळीण आता सासू झाली, तिच्या डोळ्यांवर चष्मा आला, तरी ईडा तिच्या पाटीसमोरून जाताना समुद्राकडे बघत जाते. सकाळच्या मिस्साला चर्चमध्ये सगळे प्रार्थना म्हणतात, त्यात ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ आली की ईडाला खोकला येतो. पाद्रींनी एकदा हसत विचारलं तेव्हा ती म्हणाली, “फादर, देवासमोर खोटा बोलण्यापरीस खोकललेला बरा.”

तिचा नवरा सांतान मात्र लोण्यासारखा. पहाटे भट्टी लावायची, दुपारी झोपायचं, संध्याकाळी बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचा. तिच्या डोक्यातली भांडणं तो पावसाळी छत्रीसारखी कोपऱ्यात उभी करून ठेवतो. लागली तर काढायची, नाहीतर राहू दे. पण यातलं एक भांडण त्यानेही कधी कोपऱ्यात ठेवलं नाही, कारण ते त्यांच्या मुलीचं होतं.

क्लॉडिया दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा कणकवलीत सागरशिखर अकॅडमीचं मोठं नाव होतं. डॉक्टर, इंजिनीअर व्हायचं असेल तर तिथेच, असं सगळे म्हणत. शनिवार-रविवारच्या बॅचला क्लॉडिया मालवणहून एसटीने जायची. तिसऱ्याच आठवड्यात चाचणी झाली आणि तिला मार्क कमी पडले. अकॅडमीचे मालक जितेंद्र सर स्वतः वर्गात आले. त्यांनी तिला उभं केलं, बाप काय करतो ते विचारलं आणि भरल्या वर्गासमोर म्हणाले, “मग घरी जा आणि बापाबरोबर पाव विक. इथे बसून बाकीच्यांचा निकाल खराब करू नकोस.”

पोरं हसली. क्लॉडिया एसटीतून रडत आली आणि पुढच्या शनिवारी गेली नाही. त्यानंतर बरेच दिवस तिने बेकरीच्या गल्ल्यावर बसायचं सोडलं, पावाच्या पिठाचा हात कपड्याला लागला तरी ती कपडे बदलायची. हे ईडाने बघितलं. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्या पिठाने सगळे जगले, त्या पिठाची पोरीला लाज वाटायला लागली, हे तिला जितेंद्र सरांच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी तिच्याकडे बघून सांतान मनात म्हणाला, आता या सरांचं काही खरं नाही.

पुढे क्लॉडियाच सावरली. मालवणच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या स्वप्ना मॅडमनी तिला हाताशी धरलं. कॉलेज सुटलं की प्रयोगशाळेतच बसवायच्या, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या. दोन वर्षं पोरगी त्या प्रयोगशाळेत आणि बेकरीच्या माडीवर घासत राहिली. नीटचा निकाल आला, रँक चांगली आली, सरकारी मेडिकलला नंबर लागला. ईडाने त्या दिवशी शेजारपाजारच्या सगळ्यांना फुकट केक वाटला. त्या कोळणीला सोडून.

आता आपल्याकडे पोरगं पास झालं की त्याचा सत्कार होतो. वाडीचं मंडळ करतं, पतपेढी करते, निवडणूक जवळ असेल तर पक्ष करतात. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, काचेचं स्मृतिचिन्ह, एक फोटो. कुणी बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं की ‘पोरगी शिकली आणि डोक्यात हवा गेली’ असं होतं. त्या पावसाळ्यात व्यापारी मंडळाने जिल्ह्यातल्या गुणवंतांचा गुणगौरव ठेवला, त्यालाही ईडा क्लॉडियाला घेऊन गेली. एका निवृत्त हेडमास्तरांनी शाल घातली. फोटोवाला म्हणाला, “जरा मागे सरा, बोर्ड येऊ दे.” मायलेकी मागे सरल्या. पाठीमागच्या बोर्डावर प्रायोजक कोण आहे हे वळून वाचायचं दोघींनाही सुचलं नाही. सत्काराला गेलेलं कोण कधी पाठीमागे वळून बघतं?

तो बोर्ड काय होता ते ईडाला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. दहावीच्या परीक्षा आटपल्या आणि मालवणच्या स्टँडसमोर भलामोठा फ्लेक्स चढला. सागरशिखर अकॅडमी, जिल्ह्याचा निर्विवाद निकाल, सहा चेहरे. आणि सगळ्यात मधोमध, सगळ्यात मोठा, त्या सत्कारातल्या फोटोतली, शाल पांघरलेली क्लॉडिया. खाली लिहिलं होतं, ‘आमची क्लॉडिया’.

ईडा हातात पावाची टोपली घेऊन उभी राहिली. ‘आमची’ हा शब्द तिने तीनचार वेळा वाचला. मग बेकरीत येऊन तिने सांतानला सगळं सांगितलं.

सांतान म्हणाला, “मी रात्री शिडी घेवन जातंय आणि तां फाडून येतंय.”

“फाडू नको,” ईडा म्हणाली. “फाडलो तर तो दुसरो लावतलो. माका फ्लेक्स नको. माका तो होयो.”

कदाचित हे बोलणं नुसतं बोलणंच राहिलं असतं. पण त्याच आठवड्यात तुळसा आली. तुळसा कसालच्या आतल्या गावातली, भातशेती आणि काजूची बाग असलेली. बेकरीला लागणारे काजूगर वर्षानुवर्षं तिच्याकडूनच येतात, आणि ईडाचं जिच्याशी कधीच वाजलं नाही अशी जगात बहुधा ती एकटीच. तिची मुलगी तेजस्वी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसली होती.

“ईडाबाय, तुजे उपकार गो,” तुळसा पोतं खाली ठेवत म्हणाली. “आमी ठरवत नाय होतो. ह्यो क्लास बरो, तो क्लास बरो, कोणाचा आयकायचा? मगे स्टँडार क्लॉडियाचो फोटो बघितलंय. म्हटलंय, क्लॉडिया थंयसूनच झाली तर आमच्या तेजस्वीक पण थंयच घालतंय. घोव म्हणता, दोन वर्सा कणकवलेक खोली घेवन ठेवया. सेमिनारच्या दिवशी नाव घालूचा आसा.”

जितेंद्र सरांनी तिच्या पोरीला लाथ घालून हाकललं होतं, आणि आता त्याच पोरीचा चेहरा गळाला लावून ते तुळसाची पोर ओढत होते. तेजस्वी अबोल, भित्री, शब्दाला लगेच डोळ्यांत पाणी आणणारी. तिला भरल्या वर्गात उभं केलं तर ती परत उठायची नाही.

“क्लॉडिया थंय शिकाक नाय गो,” ईडा म्हणाली. “तीन आठवडे गेली आणि इली.”

तुळसाने जरा विचार केला. “बरा, ती नाय. पण बाकीचे पाच आसत मां? सगळेच कसे खोटे आसतीत?”

बाकीच्या पाचांचं ईडाला काहीच माहीत नव्हतं.

तिने क्लॉडियाला फोन लावला. क्लॉडिया हॉस्टेलवर होती. फ्लेक्सचं ऐकून ती आधी हसली, मग म्हणाली, “मम्मी, सोड मां. माका त्या माणसाचा नावसुद्धा आयकाक नको.”

“मी सोडूचंय नाय.”

“मगे एक कर. त्यान माका वर्गात काय म्हटल्यान, तां कोणाक सांगू नको. माका परत तां लोकांच्या तोंडान आयकाचा नाय.”

ईडाने शब्द दिला. तो देताना तिला जड गेलं, कारण तिच्या पोतडीतला सगळ्यात मोठा दगड तोच होता, आणि पोरीने तोच काढून घेतला होता.

दगड नाही म्हटल्यावर मग ती स्वप्ना मॅडमकडे गेली. मॅडमनी फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. शिकवायची सवय त्यांच्या जिभेत होती. त्यांनी ईडाला खुर्चीवर बसवूनच सांगितलं.

“दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या, ईडाताई. एक, खाली छापलेला आकडा खरा आहे का. दोन, तो आकडा या क्लासमुळे आला का. क्लॉडियाची रँक शंभर टक्के खरी आहे, म्हणून जाहिरात खरी होत नाही. ती तिथे शिकलीच नाही. आता हा सर्वेश बघा. ‘९९ पर्सेंटाइल’ लिहिलंय. पण कशात? सीईटीच्या स्कोअरकार्डावर प्रत्येक विषयाचा पर्सेंटाइल वेगळा येतो आणि एकूण वेगळा येतो. इथे एकूण असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि या शिवाची रँक. नीटच्या कार्डावर देशातली रँक असते, तिच्याखाली प्रवर्गातली रँक असते. कुठली छापली?”

“ह्यां कोणाक कळतला?”

“ज्याच्या हातात कार्ड आहे त्याला. पोरांच्या घरी विचारा. कार्ड दाखवा म्हणा, आणि कुठल्या कोर्सला, किती महिने बसला ते विचारा. खरं म्हणजे हे जाहिरातीतच लिहायला हवं. ग्राहक खात्याचा तसा नियम आहे. कोर्स कुठला, मुदत किती, आणि निकाल लागल्यानंतर मुलाची लेखी संमती घेतलेली. यातलं काहीएक या फ्लेक्सवर नाही. हेल्पलाइनवर तक्रार करता येते, मी करून देते. पण ताई, त्याला वेळ लागेल.”

“लागांदे,” ईडा म्हणाली. “ती करा. पण माजा चालू रवतला.”

आणि ती निघाली. पिशवीत प्रत्येक घरासाठी एकेक केक, कारण रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जाऊन त्याच्या पोराचं कार्ड मागता येत नाही. सांतान स्कूटर चालवायला. त्याला वाटलं एका फेरीत होईल. पण ईडाला जेवढं कळत होतं तेवढी तिची भूक वाढत होती.

बांद्याला सर्वेशचे वडील भेटले. भला माणूस, बाजारात कापडाचं दुकान. पोरगा खरंच दोन वर्षं सागरशिखरमध्ये होता. त्यांनी कार्डही दाखवलं. नव्व्याण्णव होतं ते फक्त फिजिक्समध्ये. एकूण पर्सेंटाइल पंचाऐंशीच्या आसपास. ते ओशाळून म्हणाले, “आमी नाय सांगूक गेलो. त्यांनीच तसा छापल्यानी. लोक अभिनंदन करतत, आमी हां म्हणतो.”

फ्लेक्सवरच्या आकांक्षाची आई कुडाळला. आकांक्षा दोन वर्षं कोल्हापूरला राहून शिकली होती. सुटीत घरी आली असताना सागरशिखरची एक फुकटची सराव परीक्षा दिली, तेवढंच नातं. शिवाच्या घरी कळलं की तो शेवटचे काही आठवडे मोबाइलवर टेस्ट सिरीज सोडवत होता आणि छापलेली रँक प्रवर्गातली आहे. सहाव्या चेहऱ्याखाली नाव होतं, गाव नव्हतं. त्याला कुणीच ओळखेना. क्लॉडियाला सोडवत नव्हतं म्हणा किंवा आईची काळजी म्हणा, तिने हॉस्टेलवरून तो फोटो इंटरनेटवर शोधला, आणि तोच हसरा मुलगा दुसऱ्या राज्यातल्या एका क्लासच्या जाहिरातीत दुसऱ्याच नावाने सापडला.

ईडाला प्रत्येक घरातून बाहेर पडताना गोड लागत होतं. खोटं सापडलं की ती स्कूटरवर मागे बसून गुणगुणायची. सांतानला त्या गुणगुणण्याची भीती वाटत होती.

पण कसालजवळ गुरुदासच्या घरी ते गुणगुणणं थांबलं. गुरुदासचे वडील शेतात नांगराची दुरुस्ती करत होते. त्यांनी हात धुतले, कार्ड आणलं. फ्लेक्सवर कोपऱ्यात, सगळ्यात लहान चेहरा गुरुदासचा होता, आणि खाली जे छापलं होतं तेच कार्डावर होतं. एकूण पर्सेंटाइल. पोरगा दोन वर्षं त्या क्लासला पूर्ण बसला होता.

“क्लास बरो होतो?” ईडाने विचारलं. उत्तर नाही असं यावं, ही तिची इच्छा तिच्या चेहऱ्यावर दिसत असावी.

“बरो होतो बाय. खोटा कित्याक सांगा? किशोरी मॅडम म्हणान होते, त्यांनी गुरुदासाक घडवल्यानी. रविवारी घराक बोलावन शिकवीत.” त्यांनी कार्डाची घडी केली. “आता नाय त्यो. गेल्या वर्सा सोडून गेले. पगाराचा काय तरी झाला.”

परतीच्या वाटेवर ईडा गुणगुणली नाही. कसालच्या नाक्यावर चहा पिताना ती म्हणाली, “एक खरो निघालो.”

“मगे?” सांतान म्हणाला.

“मगे काय. तो पण सांगूक होयो. नायतर माज्यात आणि त्याच्यात फरक काय?” हे ती एवढ्या रागाने म्हणाली की चहावाल्याने वळून बघितलं.

आता प्रश्न राहिला माणसांचा. सगळ्यांनी कार्डं दाखवली होती, खरं सांगितलं होतं, केकही खाल्ला होता. पण लोकांसमोर बोलायचं म्हटल्यावर सगळे अंग चोरायला लागले. “त्यान शाल घातल्यान, आता आमी तोंड वाईट कशाक करूया?” “उद्या खंय तरी गाठ पडतली.” “पोराच्या भवितव्याचो प्रश्न आसा.” ईडा चिडली, पण तिला नवल वाटलं नाही. ही तिचीच माणसं. जेवायला वाढलेलं खारट झालं तरी ती पानावर तसं सांगत नाहीत.

नेमकं तेव्हाच अकॅडमीच्या ऑफिसातून फोन आला. गोड आवाजाची मुलगी प्रमाण मराठीत म्हणाली, “मॅडम, आपल्या अकॅडमीचा प्रवेश सेमिनार आहे, कणकवलीला हॉलमध्ये. सर्व गुणवंतांच्या पालकांचा पुन्हा सत्कार आहे. तुम्ही क्लॉडियाच्या आई म्हणून पालक मनोगत व्यक्त कराल का? सरांची खास इच्छा आहे.”

ईडाच्या मनात आलं, या माणसाला काहीच कसं आठवत नाही? मग तिने आपल्या आवाजात साखर घोळवली.

“येतंय म्हणान सांगा सरांका. म्हणजे, नक्की येते.”

आणि तिने पुन्हा एक फेरी मारली. या वेळी तिची मागणी अगदी लहान होती.

“बोलूचा नाय,” ती प्रत्येक घरी म्हणाली. “एक शब्द बोलूचा नाय. मी विचारतलंय, जेका लागू पडता तेनी उठान उभा रवायचा. तुमका लागू पडत नसला तर फक्त बसान रवा. बसान रवल्यार कोणाचा तोंड वाईट होता?”

आकांक्षाची आई म्हणाली, “बसूचाच मां? तां करतंय.”

हॉल गच्च भरला होता. बाहेर तोच फ्लेक्स, आत स्टेजवर त्याहून मोठा. पुढच्या रांगेत सहा खुर्च्यांवर सहा मुलांच्या नावांच्या पाट्या. पाचांवर पालक येऊन बसलेले, सहावी रिकामी. मागे रांगांमागून रांगा आई-बाप, मांडीवर पिशव्या, पिशव्यांत दाखले. तुळसा मधल्या रांगेत तेजस्वीला घेऊन बसली होती. तेजस्वीने शाळेचा गणवेशच इस्त्री करून घातला होता.

आधी सत्कार झाले. पुन्हा शाली, पुन्हा नारळ. जितेंद्र सर पांढऱ्या शर्टात, हसतमुख, बोलायला गोड. निर्विवाद हा शब्द त्यांनी कितीदा वापरला कोण जाणे. मग म्हणाले, “आता आपल्या लाडक्या क्लॉडियाच्या आई दोन शब्द बोलतील.”

ईडा स्टेजवर गेली. तिने ठेवणीतली साडी नेसली होती, क्लॉडियाच्या आग्रहाने लग्नकार्यासाठी घेतलेली. माइक तिला जरा उंच होता; सरांनी स्वतः येऊन तो खाली केला. ती म्हणाली, “थँक यू.” मग ती बोलायला लागली, एकदम शुद्ध, चर्चमध्ये वाचन करते तशी.

“मी भाषण करणार नाही. मला फक्त दोन प्रश्न विचारायचे आहेत, पहिल्या रांगेतल्या पालकांना. फोटो मुलांचे आहेत, म्हणून उत्तरं त्यांच्या आई-वडिलांनी द्यावीत. बोलायची गरज नाही. पहिला प्रश्न. तुमचं मूल या अकॅडमीत पूर्ण कोर्स करून शिकलं असेल, तर उभे राहा.”

हॉलमध्ये आधी कुणाला काही वाटलं नाही. लोक टाळ्यांच्या तयारीत होते. सर्वेशचे वडील उठले. गुरुदासचे वडील उठले. मग कुणीच उठलं नाही.

आकांक्षाची आई मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. शिवाचे वडील पायाच्या अंगठ्याकडे बघत बसून राहिले. ईडाची स्वतःची खुर्ची रिकामी होती आणि सहावीही रिकामी.

“मी पण त्यांच्यातलीच,” ईडा म्हणाली. “माझी मुलगी इथे तीन आठवडे होती. बाकी दोन वर्षं ती मालवणच्या कॉलेजात शिकली. सहाव्या मुलाचे पालक आलेले नाहीत. सरांनी त्यांचं गाव सांगितलं तर आम्ही बोलावून घेऊ.”

कुणी हसलं नाही. मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली आणि ती पुढे सरकत आली. जितेंद्र सर उठले.

“एक मिनिट, मॅडम. आमचं मार्गदर्शन अनेक प्रकारचं असतं. टेस्ट सिरीज असते, ऑनलाइन असतं. ते पण मार्गदर्शनच आहे.”

“असेल,” ईडा म्हणाली. “मग तसं छापा. कोण कुठल्या कोर्सला, किती दिवस. आता दुसरा प्रश्न. जे उभे आहेत त्यांनाच. फोटोखाली जो आकडा छापलाय, तो एकूण निकालाचा असेल, तर उभे राहा. नसेल तर बसा.”

सर्वेशच्या वडिलांनी आजूबाजूला बघितलं. हॉलमध्ये बांद्याचीही माणसं होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते हळूच, खुर्चीला हात लावून, खाली बसले.

गुरुदासचे वडील एकटे उभे राहिले. शाल खांद्यावरून घसरत होती, ती सावरत.

“हे बघा,” ईडा म्हणाली, “सहा फोटो, त्यातला एक खरा. गुरुदास इथे शिकला, चांगला शिकला, आणि त्याचा आकडाही खरा आहे. मी खोटं बोलणार नाही. त्याला ज्या मॅडमनी शिकवलं त्यांना आज इथे बोलवायला पाहिजे होतं.”

ती स्टेजवरून उतरली. तिला फार आनंद होत होता. वर असतानाच ते ऐकवावं असं तिला वाटलं होतं, ते पावाचं वाक्य, माइकवर, त्याच आवाजात. ते जिभेच्या टोकावर आलंही. पण पोरीला दिलेला शब्द होता, म्हणून तिने गिळलं.

पुढचं सगळं तिने दारातून बघितलं. प्रवेशाच्या टेबलापुढची रांग आधी वाकडी झाली, मग विरळ झाली. एका बापाने टेबलावरच्या मुलीला विचारलं, “स्कोअरकार्डा दाखवा बघूया.” तिच्याकडे नव्हती. तुळसा रांगेत गेलीच नाही. ती सरळ गुरुदासच्या वडिलांकडे गेली आणि ईडाला लांबून दिसलं ते एवढंच, की तिने काहीतरी विचारलं, त्यांनी किशोरी मॅडमचं नाव घेतलं असावं, कारण त्यांनी दाराकडे बाहेर, दूर कुठेतरी हात दाखवला. तेजस्वी आईच्या पदराशी उभी राहून ऐकत होती. तुळसाने पिशवीतला दाखला परत पिशवीतच खाली ढकलला.

लोक पांगल्यावर जितेंद्र सर ईडाजवळ आले. त्यांचा आवाज बसला होता. ते ओरडले असते तर ईडाला सोपं गेलं असतं. पण ते खरंच गोंधळलेले होते.

“तक्रारीचा मेलही आलाय मला. तुम्हीच केली ना? पण मॅडम, तुमचं माझ्याशी वैर काय आहे? तुमच्या मुलीचा मी फोटो मोठा छापला. मान दिला. मी कधी तुमचं वाईट केलं?”

ईडाने त्यांच्याकडे नीट बघितलं. तिला वाटलं होतं तो माणूस लपवत असेल, खोटं बोलत असेल. खोटं बोलत नव्हता. ज्या वाक्यावर तिची पोरगी बेकरीच्या माडीवर महिनोन्‌महिने रडली, ते वाक्य या माणसाने चपलेला लागलेली माती झटकावी तसं झटकून टाकलं होतं. त्याला आठवतही नव्हतं. कदाचित असं तो दर वर्षी एखाद्या पोरीला म्हणत असेल.

ईडाने शाल काढली, तिची घडी केली. वर नारळ ठेवला, शेजारी ते काचेचं स्मृतिचिन्ह ठेवलं आणि सगळं त्यांच्या हातांत दिलं. त्यांनी ते घेतलंही, कारण दिलेलं घ्यायची सवय असते माणसाला.

“ह्यां तुमचा,” ती म्हणाली. “आमका नको. आमचा दुकान आसा मालवणात, स्टँडापासून फुडे, चर्चच्या वळणार. मी ईडा. माजो घोव सांतान. आमी पाव विकतो.”

त्यांनी मान हलवायला सुरुवात केली, ओळख नसलेला माणूस हलवतो तशी. मग ती मान मध्येच थांबली. शालीवरचा नारळ घरंगळला आणि फरशीवर पडला. त्यांनी तो उचलला नाही.

ईडा बाहेर आली. सांतान स्कूटर चालू करून उभा होता.

“सांगलंस काय त्येका?” त्याने विचारलं.

“नाय,” ती मागे बसत म्हणाली. “त्येचाच त्येका आठावला.”

कसाल ओलांडेपर्यंत ती गुणगुणत होती, आणि या वेळी सांतानला भीती वाटली नाही. पुढच्या रविवारी मिस्साला ती ओळ आली तेव्हा ईडाला खोकला आला, नेहमीपेक्षा मोठा.